तीन मीटरसाठी तांबे की काच?

महापे किंवा ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये रॅकचे मागचे दार उघडले, की केबलींचा जुडगा वरून खाली उतरताना दिसतो. त्यातल्या बहुतेक केबली तीन मीटरच्या आतल्या असतात. एवढ्याशा अंतरासाठी सर्व्हर आणि स्विच कशाने जोडायचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण या व्यवसायात मी जितके पैसे आणि रात्री वाया गेलेल्या पाहिल्या आहेत, त्यांतला बराच भाग याच तीन मीटरांनी खाल्ला आहे.

पर्याय तीन. पहिला, दोन्ही टोकांना धातूचे प्लग पक्के बसवलेली तांब्याची केबल. तिला सगळे ‘डॅक’ म्हणतात. तिच्यात विजेचा संकेत विजेच्याच रूपात जातो. प्लगमध्ये असते ती फक्त एक छोटी मेमरी चिप, ‘मी कोण, किती लांब’ एवढे स्विचला सांगणारी. दुसरा पर्याय ‘एओसी’. बाहेरून तीही तशीच दिसते, पण आत काचेचा तंतू असतो आणि दोन्ही प्लगमध्ये लेझर व प्रकाश टिपणारा डोळा कायमचा बंद केलेला असतो. तिसऱ्या पर्यायात हेच तुकडे सुटे मिळतात. दोन्ही पोर्टमध्ये एकेक ट्रान्सीव्हर खोचायचा आणि मधे फायबरची पॅच कॉर्ड लावायची.

एक रॅक मोजून पाहू. उंची ४२ यू. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे १.८७ मीटर. वर दोन स्विच, खाली दोन-दोन यूचे २० सर्व्हर. प्रत्येक सर्व्हर दोन्ही स्विचना जोडायचा, म्हणजे ४० केबली. वेग सेकंदाला २५ गिगाबिट. सर्वांत खालच्या सर्व्हरची केबल आधी आडवी बाजूला जाते, मग पावणेदोन मीटरच्या आसपास चढते आणि वर पुन्हा आडवी होऊन पोर्टला लागते. थोडी ढील धरली तरी तीन मीटरमध्ये काम होते. मधल्यांना दोन मीटर पुरते, वरच्यांना एक.

आता विजेचा हिशेब. ४० जोडण्या म्हणजे ८० टोके. प्रकाशाच्या दोन्ही पर्यायांत प्रत्येक टोक साधारण एक वॅट घेते, म्हणजे ८० वॅट. डॅकचे टोक एक दशांश वॅटच्या आसपासच राहते, म्हणजे सगळे मिळून आठेक वॅट. फरक ७२ वॅटचा. वर्षभर दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रात तो सुमारे ६३० युनिट होतो, आणि ती उष्णता बाहेर काढायला वातानुकूलनाची वीज वेगळी. शिवाय डॅक तिघांत स्वस्त, आणि तिच्यात बिघडायला लेझरच नाही. म्हणून या रॅकसाठी माझे उत्तर डॅक हेच आहे.

‘प्रकाश वेगवान, म्हणून फायबर घ्या’ असा सल्ला अजूनही मिळतो. काचेतून जाताना प्रकाशाला मीटरमागे सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात. चांगल्या तांब्याच्या केबलीत विजेचा संकेत त्याहून किंचित कमीच वेळ घेतो. तीन मीटरात या फरकाला काही अर्थ उरत नाही. अर्थ आहे तो दुसऱ्याच गोष्टीला, आणि ती केबलीच्या लांबीत दडलेली असते.

तांब्यात वेग वाढला की संकेत फार झपाट्याने क्षीण होतो. उच्च वारंवारतेची वीज तारेच्या पोटातून न जाता पृष्ठभागावरून वाहते. तार बारीक असेल तर तिला वाट कमी मिळते. तारेभोवतीचे आवरणही थोडी ऊर्जा गिळते. म्हणून लांब डॅकमध्ये तार जाड लागते आणि केबल ताठ होते. २५ गिगाबिटला चांगली तीन मीटरची डॅक तशीच चालते. पाच मीटरच्या डॅकला मात्र ‘आरएस-एफईसी’ नावाची चूकदुरुस्ती लागते. पाठवणारा माहितीसोबत जादा बिट जोडतो, घेणारा त्यांच्या आधारे बिघडलेले बिट सुधारतो. यात सुमारे अडीचशे नॅनोसेकंद जातात. केबलीतल्या प्रवासाच्या कितीतरी पट!

एका ठिकाणी मी याचा त्रास भोगला आहे. ‘लांब असलेली बरी’ म्हणून पुरवठादाराने सगळ्याच केबली पाच मीटरच्या दिल्या होत्या. स्विचने केबलीची मेमरी वाचून आरएस-एफईसी आपोआप सुरू केली. सर्व्हरच्या जुन्या ड्रायव्हरने केली नाही. दोघांची भाषा जुळेना, लिंकचा दिवा लागेना. आम्ही केबल बदलली, पोर्ट बदलला, पुन्हा केबल बदलली. रात्री दीड वाजता कोणीतरी सर्व्हरवर हे दोन आदेश चालवले:

```
ethtool -m eth0
ethtool --show-fec eth0
```

पहिल्याने केबल तांब्याची आणि पाच मीटरची आहे हे सांगितले, दुसऱ्याने चूकदुरुस्ती बंद आहे हे. ती सुरू करताच दिवा लागला. केबली निर्दोष होत्या. फक्त गरजेपेक्षा लांब होत्या, आणि त्यांची जास्तीची वेटोळी पंख्यांच्या हवेच्या वाटेत लोंबत होती ती वेगळीच. तेव्हापासून मी एक, दोन आणि तीन मीटर अशा तिन्ही लांबींच्या केबली मोजून मागवतो.

डॅकची खरी दुखरी जागा प्लगच्या मानेशी असते. दार लावताना तिथेच केबल काटकोनात दुमडली की आतल्या तारांची जोडी दबते. लिंक बंद पडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. पण एरर काउंटर हळूहळू वाढतो, आणि केबलीला हात लावला की एकदम उसळतो. ही खूण लक्षात ठेवावी. तांब्यात आधी इशारा देणारे दुसरे काही नसते. ट्रान्सीव्हर मात्र समोरून किती प्रकाश पोहोचतो आहे हे सांगतो. तो आकडा आठवड्यागणिक उतरत असेल, तर बहुधा पॅच कॉर्डच्या टोकावर धूळ बसली आहे किंवा लेझर थकत चालला आहे.

एओसीला हा धुळीचा त्रास नाही, कारण तिची टोके कधी उघडतच नाहीत. ती जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची आणि लवचिक असते. रॅक इतका भरलेला असेल की डॅकचा जुडगा हवाच अडवेल, तर तिथे मी ती बिनदिक्कत घेतो. पण एका टोकाचा लेझर मेला तर संपूर्ण केबल जाते, आणि घट्ट बांधलेल्या जुडग्यातून ती ओढून काढताना शेजारच्यांना धक्का बसतो. सुट्या ट्रान्सीव्हरमध्ये मेलेला तुकडाच बदलता येतो. दोन टोकांची यंत्रे दोन कंपन्यांची असून आपल्याच छापाचा भाग मागणारी असतील, तर प्रत्येक बाजूला तिचा तिचा ट्रान्सीव्हर लावता येतो. उद्या हीच जोडणी शेजारच्या रॅकमध्ये न्यायची असेल, तर फक्त पॅच कॉर्ड लांब घ्यायची. एकाच रॅकमध्ये सुटे ट्रान्सीव्हर घेण्याला मला एवढीच कारणे पटतात.

वेग वाढतो तशी तांब्याची दोरी आखूड होते. तारांच्या एका जोडीतून १०० गिगाबिट पाठवायचे, तर आजच्या मानकात साधी डॅक दोन मीटरपर्यंतच धरली जाते. आपल्या रॅकमधल्या सर्वांत खालच्या सर्व्हरला तेवढी पुरणार नाही. उपाय सोपा आहे. स्विच माथ्यावर न ठेवता रॅकच्या मधोमध बसवायचा, म्हणजे सर्वांत लांब उभे अंतर निम्मे होते. एनव्हिडियाने २०२४मध्ये जाहीर केलेल्या ७२ जीपीयूंच्या रॅकमध्ये नेमके हेच केले आहे. तिथे डॅक नाहीत, तांब्याच्या तारा मागच्या चौकटीतच बसवल्या आहेत, पण विचार तोच आहे. स्विचचे नऊ ट्रे मधे, गणना करणारे दहा वर आणि आठ खाली, आणि त्यांना जोडणाऱ्या पाच हजारांहून अधिक तांब्याच्या केबली. हेच काम प्रकाशावर केले असते तर केवळ ट्रान्सीव्हर वगैरेंनाच सुमारे २० किलोवॅट लागले असते, असे कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी त्या वेळी सांगितले होते.