कंटेनरमधली जागा: मीटरचे फूट करताना

सोलापूरच्या एका चादर उत्पादकाला न्यू जर्सीतल्या व्यापाऱ्याकडून १२० खोक्यांची ऑर्डर आली आहे, असं समजू. माल न्हावा शेवाहून जाणार. एवढ्याशा मालासाठी अख्खा कंटेनर घ्यायची गरज नसते. इतर निर्यातदारांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जागा वाटून घेता येते. या सुट्या मालाच्या पद्धतीला धंद्यात एलसीएल म्हणतात. जागा मिळवून देणारा मुंबईचा फॉरवर्डर पहिला प्रश्न विचारतो, “किती सीबीएम?” म्हणजे किती घनमीटर. तिकडे अमेरिकेतला व्यापारी गोदामातली जागा फुटांत मोजतो, म्हणून त्याची ईमेल येते, “किती सीएफटी?” म्हणजे किती घनफूट. माल तोच असला तरी उत्तरं दोन द्यावी लागतात आणि ती एकमेकांशी जुळावी लागतात.

तीनदा गुणायचं असतं

एका मीटरचे ३.२८ फूट होतात हे बहुतेकांना पाठ असतं. घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण घनमीटरला लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूचे फूट करावे लागतात. ३.२८०८४ गुणिले ३.२८०८४ गुणिले ३.२८०८४ केलं की ३५.३१४७ येतात. एका घनमीटरात इतके घनफूट बसतात. हा आकडा अंदाजाचा नाही. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही देशांनी मिळून एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर असं ठरवून टाकलं, त्यातूनच तो निघतो.

३.२८ वरून एकदम ३५ कसे झाले, हे मनाला पटत नसेल तर तीन फूट बाजू असलेली एक पेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात ३ × ३ × ३, म्हणजे २७ घनफूट मावतात. आता तिन्ही बाजू फक्त पाव फुटाहून किंचित जास्त वाढवा. पेटी तेवढ्याने आठ घनफुटांहून अधिक फुगते आणि बरोबर एक घनमीटर होते. बाजूंमधला छोटा फरक घनफळात मोठा होतो. ही गोष्ट पुढे खोकी मोजतानाही उपयोगी पडणार आहे.

चूक झाली की ती दोनपैकी एका रूपात दिसते. कुणी घनमीटरला नुसत्या ३.२८ ने गुणतं, तर कुणी घरांच्या क्षेत्रफळाच्या सवयीने १०.७६ ने. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, म्हणून हा दुसरा आकडा ओळखीचा वाटतो. पहिल्या चुकीत उत्तर सुमारे अकरापट कमी येतं, दुसरीत साधारण तीनपट कमी. चूक पकडायला सोपा ताळा आहे: घनफुटांचा आकडा घनमीटरच्या पस्तीस पटींच्या जवळपास नसेल तर कागद परत तपासायचा. ज्यांनी घर बांधताना वाळू मागवली आहे, त्यांना ब्रासवरूनही अंदाज बांधता येईल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर.

टेप कुठे लावायची?

गुणाकार कॅल्क्युलेटर करून देतो. त्याला दिलेलं माप मात्र आपलं असतं आणि बहुतेक भांडणं मापावरून होतात.

आपल्या उत्पादकाने खोकी छापून घेतली ती ६० × ४५ × ४० सेंटीमीटरची. मीटरमध्ये मांडलं तर ०.६० × ०.४५ × ०.४० = ०.१०८ घनमीटर. अशी १२० खोकी, म्हणून १२.९६ घनमीटर, म्हणजेच सुमारे ४५८ घनफूट. हा आकडा त्याने फॉरवर्डरला कळवला.

माल बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे सीएफएसमध्ये पोहोचला की तिथे खोकी पुन्हा मोजली जातात आणि मोजणारा टेप लावतो तो भरलेल्या खोक्याला. चादरी दाबून भरल्या की पुठ्ठ्याच्या भिंती बाहेर येतात, झाकणाच्या कडा आणि पट्ट्याही थोडी जागा खातात. प्रत्येक बाजू फक्त दोन सेंटीमीटरने वाढली तरी खोकं ६२ × ४७ × ४२ चं होतं आणि त्याचं घनफळ ०.१२२४ घनमीटर भरतं. १२० खोक्यांचे होतात १४.६९ घनमीटर, म्हणजे सुमारे ५१९ घनफूट. तीन बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर वाढले आणि मालाने ६१ घनफूट जास्त जागा घेतली. भाडं या दुसऱ्या मापावर लागतं, म्हणून आधीच एक खोकं प्रत्यक्ष भरून, पट्टी मारून, फुगवट्याच्या सगळ्यात रुंद जागी मोजून घ्यावं. खोकी लाकडी पॅलेटवर बांधून पाठवणार असाल तर मोजायचा तो पूर्ण पॅलेट, खालच्या लाकडासकट.

अमेरिकेतला व्यापारी खोक्याचं माप इंचांत मागतो, तेव्हा पूर्णांक करायचा मोह होतो. ६२ सेंटीमीटर म्हणजे २४.४ इंच, ४७ म्हणजे १८.५ आणि ४२ म्हणजे १६.५. तिन्ही आकडे खाली ओढून २४ × १८ × १६ लिहिलं आणि गुणाकाराला १७२८ ने भागलं (एका घनफुटात इतके घन इंच असतात), तर एका खोक्याचे नेमके चार घनफूट येतात आणि १२० खोक्यांचे ४८०. खरं उत्तर ५१९ च्या आसपास असताना ३९ घनफूट कागदावरून गायब होतात. इंच दशांशापर्यंत ठेवावेत आणि गोळाबेरीज करायचीच झाली तर ती शेवटच्या बेरजेला करावी, एकेका खोक्याला नव्हे.

कोटेशन वाचताना

आता भाव. समजा एका फॉरवर्डरने घनमीटरला ६२ डॉलर सांगितले आणि दुसऱ्याने घनफुटाला १.९५ डॉलर. दुसरा आकडा इतका लहान दिसतो की तोच स्वस्त वाटतो. इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मालाचे घनमीटर घनफुटांत नेताना ३५.३१ ने गुणतो, पण घनमीटरचा भाव घनफुटाचा करताना त्याच आकड्याने भागावं लागतं, कारण घनफूट लहान आणि त्याचा भावही लहान. पहिल्याचे ६२ डॉलर भागिले ३५.३१, म्हणजे घनफुटाला १.७६ डॉलर. तोच स्वस्त निघाला. आपल्या १४.६९ घनमीटर मालाला पहिला सुमारे ९११ डॉलर घेईल आणि दुसरा सुमारे १,०११.

तुलनेआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, अपूर्णांकाचं काय करता? काही जण १४.६९ चे सरळ १५ धरतात आणि एक घनमीटरपेक्षा कमी माल असला तरी पूर्ण एक घनमीटरचे पैसे लावणं सर्रास चालतं. दुसरी, वजनाचं काय? समुद्रमार्गे सुट्या मालाला साधारणपणे एक घनमीटर किंवा एक हजार किलो, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं. आपलं एक खोकं २२ किलोचं धरलं तर सगळा माल २,६४० किलोचा, म्हणजे २.६४ टनांचा. १४.६९ पुढे तो कुठेच नाही, म्हणून चादरींचं भाडं घनफळावर. हाच माल लोखंडी सुट्या भागांचा असता, तर वजनाने बाजी मारली असती आणि घनफुटांचा सगळा हिशेब भाड्यापुरता बाजूला पडला असता.

अख्खा कंटेनर घेतला तर?

माल पंधरा घनमीटरच्या आसपास गेला की वीस फुटी कंटेनर पूर्ण घेण्याचा भावही विचारून पाहावा. मात्र इथे फुटांचा आणखी एक सापळा आहे. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच, असं नावावरून गुणलं की १,३६० घनफूट येतात, म्हणजे साडेअडतीस घनमीटर. ही मापं बाहेरची आहेत. भिंतींच्या नाळ्या, छत, दरवाजे, प्लायवूडची फळी आणि तिच्याखालचे लोखंडी आडवे पाट वजा केले की आत साधारण ५.८९ × २.३५ × २.३९ मीटर उरतात, म्हणजे सुमारे ३३ घनमीटर किंवा १,१७० घनफूट.

तेवढीही सगळी जागा भरत नाही. ३३.२ घनमीटरला एका खोक्याच्या ०.१२२४ ने भागलं तर २७१ खोकी मावायला हवीत. प्रत्यक्षात रचून पाहू. लांबीत ६२ सेंटीमीटरची नऊ खोकी बसतात आणि ३१ सेंटीमीटर उरतात. रुंदीत ४७ सेंटीमीटरची बाजू ठेवली तर पाच खोक्यांना २३५ सेंटीमीटर लागतात. आतली रुंदीही जेमतेम तेवढीच, त्यामुळे पाचवं खोकं फुगवट्यामुळे अडकणार. म्हणून खोकं कुशीवर वळवून ४२ ची बाजू रुंदीत घ्यायची. पाच खोकी २१० सेंटीमीटरमध्ये आरामात बसतात. मग उंचीला येते ४७ ची बाजू. पाच थर २३५ सेंटीमीटरचे होतात आणि छतापर्यंत चारच सेंटीमीटर राहतात. एकूण ९ × ५ × ५ = २२५ खोकी. भागाकाराने सांगितलेल्या आकड्यापेक्षा ४६ कमी. या २२५ खोक्यांचं घनफळ साडेसत्तावीस घनमीटर, म्हणजे सुमारे ९७२ घनफूट. वीस फुटीत पंचवीस ते अठ्ठावीस घनमीटर धरा, असं फॉरवर्डर सांगतात ते या उरलेल्या फटींमुळेच.

पॅकिंग लिस्टवर घनमीटर आणि घनफूट दोन्ही लिहावेत आणि शेजारी भरलेल्या खोक्याची सेंटीमीटरमधली तीन मापं व खोक्यांची संख्याही द्यावी. सीएफएसच्या बिलात घनफळ जास्त लागलेलं दिसलं, तर घनफुटांच्या आकड्यावरून वाद घालण्यात हशील नसतं. तिथली मापांची नोंद मागवून बाजूबाजूने ताडून पाहावं. कुठल्या खोक्याची कुठली बाजू किती सेंटीमीटर जास्त लिहिली गेली, हे तिथेच सापडतं.