सुताची असमता आणि यादृच्छिक संकेताचा वर्णपट

सांगली जिल्ह्यातील विटा हे यंत्रमागांचे गाव आहे. मागावर आडवे विणले जाणारे सूत ठराविक अंतराने जाड-बारीक होत असेल, तर जाड जागा शेजारशेजारच्या ओळींत क्रमाने सरकत जातात आणि कापडावर पट्टे किंवा शंकरपाळ्यासारख्या आकृती उमटतात. विशेष असे, की हा दोष असलेले सूत आणि निर्दोष सूत यांची असमतेची टक्केवारी जवळजवळ सारखीच असू शकते. असे का होते, हे यादृच्छिक संकेतांच्या उपपत्तीवरून स्पष्ट होते.

सूत धारित्राच्या दोन पट्ट्यांमधून ओढून दर सेंटीमीटरला त्याचे वस्तुमान m(x) मोजले, तर लांबी x ही येथे काळाच्या जागी येते व m(x) हा एक यादृच्छिक संकेत ठरतो. त्याचा अभ्यास करण्यापूर्वी तो स्थायी आहे काय, हे पाहावे लागते. स्थायिता म्हणजे सूत सर्वत्र सारखे असणे नव्हे; सुताच्या चढउतारांचे नियम सर्वत्र सारखे असणे होय. कांडीच्या कोणत्याही भागातून तुकडा घेतला तरी सरासरी μ तीच असावी, आणि s अंतरावरील दोन जागांचा परस्परसंबंध केवळ s वर अवलंबून असावा, जागेवर नव्हे. ठराविक लांबीची लाट या व्याख्येत बसत नाही असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तुकडा कोठून कापला जाईल हे दैवाधीन असल्याने लाटेचा आरंभबिंदूही यादृच्छिक होतो, आणि लाटेसहित संकेत स्थायी मानता येतो.

स्वसहसंबंध-फल R(s) म्हणजे (m(x) − μ)(m(x+s) − μ) या गुणाकाराची सरासरी. s = ० असता ते प्रचरणाइतकेच असते. सर्व तंतू L लांबीचे असून त्यांची टोके निव्वळ यदृच्छेने पडली आहेत असे माना. s अंतरावरील दोन छेदांत जितके तंतू सामाईक, तितका त्यांचा संबंध. म्हणून

R(s) = R(0)(1 − s/L), s < L

आणि L पलीकडे R(s) शून्य होते. याउलट a उंचीची व λ लांबीची लाट R(s) मध्ये (a²/2) cos(2πs/λ) एवढी भर घालते, व ही भर s कितीही वाढले तरी विरत नाही.

वीनर (१९३०) व खिंचिन (१९३४) यांच्या प्रमेयानुसार R(s) चे फूरिए रूपांतर म्हणजेच शक्ति-वर्णपट-घनता होय. एकूण प्रचरण कोणत्या वारंवारतेवर किती वाटले गेले आहे, हे ती सांगते. यदृच्छेचा वाटा रुंद टेकडीसारखा पसरतो; लाटेचा वाटा f = 1/λ या एकाच जागी सुळक्यासारखा उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. कताई यंत्राच्या पुढील रुळाचा व्यास २५ मिलिमीटर असून तो किंचित केंद्रच्युत आहे. तेव्हा λ = π × २.५, म्हणजे ७.८५ सेंटीमीटर. तंतूंची लांबी २.८ सेंटीमीटर, यादृच्छिक असमता १५ टक्के आणि लाटेची उंची ५ टक्के धरू. यादृच्छिक प्रचरण २२५, लाटेचे २५/२ म्हणजे १२.५, एकूण २३७.५; त्याचे वर्गमूळ १५.४. म्हणजे टक्केवारी अवघी ०.४ ने वाढली! ७.८५ सेंटीमीटर अंतरावरचा स्वसहसंबंध १२.५/२३७.५, म्हणजे ०.०५३ येतो. दहा मीटर सुतातील हजार मापांवरून तो काढल्यास त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.०४५ असते, म्हणून त्या एका मूल्यावरून दोष सिद्ध होत नाही. परंतु त्याच मापांच्या वर्णपटात दर सेंटीमीटरला ०.००१ आवर्तन इतक्या अरुंद पट्टीत यदृच्छेचा वाटा सरासरीने केवळ ०.८, तर लाटेचा १२.५ असतो. त्यातील काही भाग शेजारच्या पट्टीत सांडला तरी सुळका लपत नाही, आणि त्याच्या जागेवरून सदोष रूळ ओळखता येतो.

हा निष्कर्ष स्थायितेवर उभा आहे, हे मात्र विसरता कामा नये. दोन भिन्न जाडीच्या कांड्यांचे सूत जोडून एकच नोंद घेतली, तर सरासरी मध्येच बदलते. मग R(s) मोठ्या अंतरावरही शून्याकडे येत नाही व वर्णपटात शून्य वारंवारतेजवळ उंचवटा दिसतो. त्यास लांब लाट समजून यंत्राचा एखादा मागील रूळ बदलला, तर दोष तसाच राहील. म्हणून नोंदीचे चार-पाच भाग करून प्रत्येकाची सरासरी, प्रचरण व वर्णपट वेगवेगळे काढावे. खरा सुळका प्रत्येक भागात त्याच जागी उभा राहतो. सरासरीच्या उडीतून आलेला उंचवटा मात्र, जोड ज्यात आला तो भाग सोडल्यास, इतरत्र नाहीसा होतो.