व्हायव्हाच्या दिवशी काय नेसावं?

पीएचडीच्या व्हायव्हाची तारीख विद्यापीठाकडून आली की घरोघरी साड्यांची कपाटं उघडतात. आई पैठणी काढून ठेवते, मावशी काळा रंग नको म्हणते आणि विद्यार्थिनी दुकानात जाऊन कडक इस्त्रीची नवी कोरी साडी घेऊन येते. गाइड म्हणून मी अशा अनेक व्हायव्हांना बसले आहे. माझं मत आता पक्कं आहे: त्या दिवशीची साडी निवडताना आरशापेक्षा घड्याळाकडे जास्त पाहावं.

व्हायव्हा ही परीक्षा खुली असते. परीक्षक म्हणून गाइड आणि बाहेरून आलेला किमान एक तज्ज्ञ असतो, तर समोर विभागातले प्राध्यापक, इतर संशोधक विद्यार्थी आणि बऱ्याचदा घरची मंडळीही बसतात. वेळ समजा अकराची असली, तरी विद्यार्थिनी नऊलाच हॉलवर हजर असते. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून बघायचा असतो, खुर्च्या, पाणी आणि चहाचं पाहायचं असतं. एक्स्टर्नलची गाडी उशिरा पोहोचली तर साडेअकरा वाजतात. सादरीकरणाला पाऊण तास, प्रश्नोत्तरांना तास-दीड तास जातो. मग समिती दार लावून अहवाल लिहिते आणि विद्यार्थिनी बाहेर व्हरांड्यात थांबते. निकाल वाचून दाखवल्यावर फोटो, हारतुरे आणि जेवण. सकाळी सातला नेसलेली साडी दुपारी चारच्या आधी सुटत नाही. त्यातला उभं राहून बोलण्याचा वेळ थोडा. बाकीचा सगळा वेळ बसणं, वाकणं, जिने चढणं आणि वाट पाहणं यातच जातो.

खळ दिलेली सुती साडी नऊ वाजता फार देखणी दिसते. पण दोन तास खुर्चीत बसलं की मांडीवर तिच्या आडव्या घड्या मोडतात आणि उभं राहिल्यावर निऱ्या पोटाशी फुगतात. जॉर्जेट चुरगळत नाही, पण खांद्यावरून सरकतं. त्यात ते बहुधा पॉलिएस्टरचंच असतं, त्यामुळे घाम टिपत नाही आणि पंख्याखालीही अंगाला चिकटतं. जड जरीच्या साडीचं ओझं पहिल्या तासात जाणवत नाही, तिसऱ्या तासात खांदा सांगू लागतो. शिवाय पदराचा जरीकाठ दंडाला घासतो. माझी पसंती माहेश्वरीसारख्या साडीला आहे. तिच्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. म्हणून ती वजनाला हलकी असते, निऱ्या धरून ठेवते, फार सरकत नाही आणि घामही थोडाफार टिपते. चार-पाच वेळा धुतलेली मऊ हातमागाची साडीही तितकीच चांगली. मात्र ती आधी नेसलेली हवी. कोऱ्या साडीची धार कशी पडते, तिच्या निऱ्या किती येतात, हे त्या दिवशी सकाळी शोधत बसायला वेळ नसतो.

रंगाबद्दल एवढंच, की बोलता बोलता पाय प्रोजेक्टरच्या झोतात जातोच. पांढऱ्या किंवा मोतिया साडीवर तेव्हा आख्खी स्लाइड उमटते आणि समोरचे लोक आलेख सोडून साडीवरची अक्षरं वाचू लागतात. निळा, मरून, बाटलीहिरवा हे रंग झोत गिळून टाकतात.

आता ब्लाउजकडे येते, कारण खरी अडचण तिथे असते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय विहिरींमधल्या भूजलाचा होता. व्हायव्हाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही सेमिनार हॉलमध्ये तिची रंगीत तालीम घेतली, पूर्ण पोशाखात. तिला म्हटलं, एक्स्टर्नलनी फळ्यावर जमिनीचा छेद काढायला सांगितलं असं समज. तिने खडू घेऊन फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात नेला आणि त्या हातासरशी ब्लाउज कमरेपासून चार बोटं वर सरकला. तिने लगेच हात खाली घेतला. पुढचं चित्र तिने फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात, खांदे आवळून, लहान लहान रेघांत काढलं. विषय तिला पाठ होता, तरी पाहणाऱ्याला ती घाबरलेली वाटली असती.

तिला वाटलं ब्लाउज घट्ट आहे, दोन्ही बाजूंची माया उसवून सैल करून घेऊ. पण छातीला आणि कमरेला तो बरोबर बसत होता. दोष मुंढ्यात होता. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो घेर. तो काखेच्या फार खाली, खोल कापला की बाही कुशीच्या शिवणीला जखडते आणि हात वर नेला की सगळा ब्लाउज ओढला जातो. सैल वाटावा म्हणून पुष्कळजणी मुंढा खोल करायला सांगतात आणि त्यामुळे हाताची हालचाल उलट कमी होते. मुंढा काखेच्या जवळ, उंच असला की हात वर जातो आणि ब्लाउज जागेवर राहतो. शिवून झालेला मुंढा वर घेता येत नाही. काखेत चौकोनी तुकडा जोडून थोडी सोय होते, एवढंच. तिने त्याच साडीवर जाणारा एक जुना, मापात बसलेला ब्लाउज काढला आणि प्रश्न मिटला. नवा शिवायचा असेल तर शिंप्याकडे ट्रायलला गेल्यावर सरळ उभं राहून आरशात पाहण्याऐवजी उजवा हात डोक्यावर न्यावा आणि कमरेकडे पाहावं. आतलं अस्तर सुती असू द्यावं. घाम अस्तराने टिपला तर वरच्या कापडावर डाग उशिरा येतो.

त्याच तालमीत माइकचीही गोष्ट लक्षात आली. मोठ्या हॉलमध्ये कॉलर माइक देतात. त्याची क्लिप पुरुषांच्या शर्टाच्या पट्टीवर सहज बसते, ट्रान्समीटरचा डबा पँटच्या पट्ट्याला अडकतो. साडीत ना पट्टी, ना पट्टा. क्लिप पदराच्या निऱ्यांच्या कडेला लावली तर रेशमाची सळसळ स्पीकरमधून ऐकू येते आणि मंगळसूत्र किंवा लांब माळ माइकवर आपटली की प्रत्येक वळणाला ठक्क असा आवाज येतो. क्लिप ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला लावावी आणि गळ्यातलं त्या दिवशी आखूड असावं. डबा मागच्या बाजूला परकराच्या नाडीत खोचता येतो, पण नाडी नेहमीपेक्षा थोडी पक्की हवी. फार आवळली तर मात्र जेवणानंतर त्रास होतो. काचेच्या बांगड्या पोडियमवर वाजतात, त्या दोन-चारच ठेवाव्यात.

पदर निऱ्या घालून डाव्या खांद्यावर पिन केलेला बरा. मोकळा सोडला की डावा हात तो सावरण्यातच गुंततो, आणि एका हातात पॉइंटर, दुसऱ्यात कागद अशी त्या दिवशी दोन्ही हातांची गरज असते. नाजूक पोताला पिनेने भोक पडू नये म्हणून पिनेत आधी एक मणी ओवून घ्यावा. मण्यामुळे कापड पिनेच्या मागच्या वेटोळ्यात अडकत नाही. साडी नेसताना त्या दिवशीच्याच चपला पायात हव्यात. अनवाणी नेसून नंतर टाचेच्या चपला घातल्या तर साडी घोट्यावर चढते. उलट झालं तर मंचाच्या पायरीवर काठ पायात येतो. परकर पुरेशा घेराचा असू द्यावा. हल्ली मिळणारे अंगालगतचे ताणणारे परकर बांधा नीट दाखवतात, पण त्यांत पाऊल लांब पडत नाही. चप्पलही वापरातली घ्यावी, कारण नवी चप्पल चावायला लागली की उत्तर देताना माणूस नकळत एका पायावर भार टाकतो.

साडी नेसायची सवयच नसेल तर ती नेसू नये, असं मी स्पष्ट सांगते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी व्हायव्हासाठी पोशाखाचा लेखी नियम नसतो, फक्त रिवाज असतो. गुडघ्याखाली येणारा सुती-रेशमी कुर्ता, सरळ पँट आणि वर बिनबाह्यांचं जाकीट, एवढ्यात काम भागतं. ओढणी हवीच असेल तर दोन्ही खांद्यांवर पिन करून. परदेशी गेलेल्या मुलांनी मात्र तिथला नियम आधी विचारून घ्यावा. ऑक्सफर्डमध्ये व्हायव्हाला सबफस्क म्हणजे गडद कपडे, पांढरा सदरा आणि वर गाऊन, हा ठरलेला वेश आहे.

मुलांचं सोपं असतं असं समजतात, पण त्यांचाही मे महिना असतो. घामाचा ओला डाग सर्वांत ठळक दिसतो तो राखाडी आणि फिक्या निळ्या शर्टावर, आणि नेमके तेच रंग ऑफिससाठी म्हणून खपतात. पांढऱ्यावर डाग कमी दिसतो, फक्त आत बाह्यांचा गंजीफ्रॉक हवा, नाहीतर ओलं कापड पारदर्शक होतं. टाय लावायचा असेल तर कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं सहज जायला हवीत. घसा कोरडा पडला की घट्ट कॉलर आणखी टोचते. ब्लेझर उसना घेतला तर त्याचे मुंढे पाहावेत, तिथेही ब्लाउजचाच न्याय लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ब्लेझर नसला तरी कुणी काही म्हणत नाही.

2020 नंतर परीक्षक पडद्यावर आणि विद्यार्थी हॉलमध्ये अशा व्हायव्हाही होऊ लागल्या. तिथे एक गोष्ट सांभाळावी लागते. बारीक चौकडीचा शर्ट किंवा बारीक रेघांची साडी कॅमेऱ्यात लहरत, थरथरत दिसते. कॅमेऱ्याचे ठिपके आणि कापडाची रेघ एकमेकांत मिसळल्यामुळे तसं होतं. दहा मिनिटांत पाहणाऱ्याचे डोळे दुखतात. सपाट रंग किंवा मोठी नक्षी असली की ही कटकट नाही. आदल्या दिवशी तोच कपडा घालून एक व्हिडिओ कॉल करावा आणि पलीकडच्याला विचारावं.

तालीम वेगळी जमवणं अवघड वाटत असेल तर एक आयती संधी असते. प्रबंध दाखल करण्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावंच लागतं, आणि ते विभागातल्या सगळ्यांसाठी खुलं असतं. व्हायव्हाला नेसणार तीच साडी, तोच ब्लाउज, त्याच चपला त्या दिवशी घालाव्यात. फळ्यावर हात नेऊन पाहावा, खाली पडलेला पॉइंटर वाकून उचलावा, मंचाची पायरी चढून उतरावी, तासभर खुर्चीत बसून उठावं आणि मागून मैत्रिणीला फोटो काढायला सांगावं. विभागातल्या स्वच्छतागृहात साडी सावरून जाता येतं का, हेही त्याच दिवशी कळतं. एसीच्या झोताखालची खुर्ची कुठली, तेही पाहून ठेवावं. घामाने भिजलेल्या पाठीवर तो झोत आला की प्रश्नोत्तरं सुरू होईतो अंग थरथरतं, आणि त्यासाठी खुर्चीवर एक पातळ शाल असली तर उपयोगी पडते.

व्हायव्हाच्या दिवशी एक छोटी थैली मैत्रिणीकडे द्यावी, स्वतःजवळ ठेवू नये. तीत चार पिना, सुईदोरा, रुमाल, जास्तीची टिकली, साध्या सपाट चपला आणि ब्लाउजच्या रंगाचा एक हूक एवढं पुरतं. समिती दार लावून बसली की व्हरांड्यात निऱ्या पुन्हा बसवून घ्याव्यात, पाणी प्यावं आणि चपला बदलून बसावं. निकालासाठी आत बोलावलं की टाचेच्या चपला परत घालाव्यात, कारण साडी त्या उंचीवर नेसलेली असते.