नव्या सनदी लेखापालाने मेहनताना कसा ठरवावा?

लातूरच्या मोंढ्यात किंवा नांदेडच्या वजिराबादेत नव्याने दप्तर थाटणाऱ्या सनदी लेखापालाला, नावलौकिक नसल्यामुळे, पहिलाच आडत्या बहुधा असे सुचवितो की, "साहेब, कराचा परतावा मिळाला, तर त्यातले दहा टक्के तुमचे." हा प्रस्ताव कितीही मोहक असला तरी, काही मोजके अपवाद वगळता, १९४९च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार नफ्याच्या टक्केवारीवर अथवा निष्पत्तीवर अवलंबून असलेला मेहनताना स्वीकारणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

म्हणून हिशेब तासांचा करावा. उदाहरणार्थ, दप्तराचे भाडे, मदतनीस, वीज आणि घरखर्च मिळून दरमहा ४८,००० रुपये लागत असतील आणि नव्या माणसाचा निम्मा वेळ पक्षकार शोधण्यात जाऊन मोबदल्याचे तास १०० च उरत असतील, तर तासाचा दर ४८० रुपयांहून खाली उतरवणे म्हणजे पदरचे घालणे होय.

एखाद्या आडत्याच्या जीएसटीच्या कामास महिन्याला चार तास लागले, तर १,९२० रुपये होतात. तो हजारावर अडून बसला, तर माझ्या मते दर न घटवता काम घटवावे, म्हणजे खतावणी त्याच्या मुनिमाने करावी आणि आपण दोन तासांत केवळ ताळमेळ व विवरणपत्र पाहून ९६० रुपये घ्यावेत, मात्र ही विभागणी सुरुवातीलाच लेखी पत्रात नमूद करावी. पुढे तासांची टाचणे तपासताना दोनाचे तीन तास होऊ लागलेले दिसले, तर मुनिमाचे काम आपल्याकडे सरकू लागले आहे, असे निश्चित समजावे.