गोधडी एक, भाव दोन

बचत गटाची गोधडी अमेरिकेतल्या ग्राहकाला आवडली, की गटात कुजबुज सुरू होते. "डॉलरवाली आहे, दुप्पट सांगू या!" कुणी म्हणतं, रुपयांचे डॉलर करून सांगितले की झालं. मैत्रिणींनो, दोन्ही चुकीचं.

आधी मूळ किंमत काढा. कापड-दोरा 700 रुपये. हातशिलाईचे 40 तास, तासाला 60 रुपये, म्हणजे 2400. गटाचा वाटा 400. एकूण 3500. हा झाला इथला भाव. शेजारीण असली तरी यातून कमी केलं, तर ते शिवणारीच्या मजुरीतूनच जातं.

परदेशी ग्राहकासाठी टाके तेच, पण खर्च वाढतो. पॅकिंग आणि कागदपत्रांचे 300 धरले तर 3800 होतात. पैसे येताना वाटेत कापले जाणारे साधारण 200 मिळवा, झाले 4000. डॉलरमागे हातात 80 रुपये पडतात असं धरलं, तर 50 डॉलर. बाजारातला दर धरू नका, प्रत्यक्ष खात्यात पडणारा धरा. नुसते 3500 भागिले 80 करून 44 डॉलर सांगितले, तर वरचा खर्च आपल्याच अंगावर येतो.

कुरिअर वेगळं लावा. तिकडची जकात ग्राहकाने भरायची, हे आधीच लिहून कळवा. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलना असलेली माफी ऑगस्ट 2025 मध्ये बंद झाली आहे. आणि दर बदलतो, म्हणून 'हा भाव 15 दिवसांपुरता' एवढी ओळ टाकायला विसरू नका. फरक का, असं ग्राहकाने विचारलं, तर हाच हिशेब पुढे ठेवता येतो.