घसारा बदलला की नफा बदलतो

एका फ्लेक्स छपाईच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. मालकाने १० लाखांचे यंत्र घेतले. ते पाच वर्षे चालेल आणि शेवटी १ लाखाला विकले जाईल, असा त्याचा अंदाज आहे. म्हणजे पाच वर्षांत ९ लाखांची झीज होणार. घसारा धरण्यापूर्वीची कमाई दरवर्षी ५ लाख आहे. हा ९ लाखांचा खर्च कोणत्या वर्षाच्या खाती किती टाकायचा, एवढाच प्रश्न उरतो.

सरळ पद्धतीत त्याचे पाच समान भाग होतात. दरवर्षी १ लाख ८० हजार घसारा आणि ३ लाख २० हजार नफा.

घटत्या शिलकीच्या पद्धतीत टक्का कायम राहतो, पण तो उरलेल्या किमतीवर लागतो. दर ४० टक्के धरला, तर पहिल्या वर्षी ४ लाख घसारा जातो आणि नफा फक्त १ लाख दिसतो. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ६ लाखांवर २ लाख ४० हजार घसारा बसतो, नफा २ लाख ६० हजार होतो. पुढे तो ३ लाख ५६ हजार, मग ४ लाख १३ हजार ६०० असा चढत जातो. पाचव्या वर्षाअखेर वहीत यंत्राची किंमत ७७,७६० उरते. ते १ लाखाला विकले की वरचे २२,२४० रुपये नफ्यात जमा होतात आणि त्या वर्षीचा आकडा ४ लाख ७० हजार ४०० होतो.

आता बेरीज करून पाहा. दोन्हीकडे पाच वर्षांचा नफा बरोबर १६ लाख येतो.

धोका इथेच आहे. दुसऱ्या पद्धतीत नफा जवळजवळ पाचपट झाला, पण दुकानाने एकही फ्लेक्स जास्त छापलेला नाही. असे दुकान चौथ्या वर्षी विकत घेणारा त्या चढत्या आकड्यांवर भाळला, तर नवे यंत्र घेताच त्याचा नफा पुन्हा कोसळेल.

तरीही ही पद्धत निरर्थक नाही. यंत्र जुने होईल तशी दुरुस्ती वाढते. घसारा उतरता आणि दुरुस्ती चढती असली, की दोन्ही मिळून भार बराचसा समान राहतो. दुरुस्ती फारशी नसलेल्या आणि दरवर्षी सारखेच काम देणाऱ्या फर्निचरला मात्र सरळ पद्धत अधिक शोभते.

प्राप्तिकराचा हिशेब वेगळा असतो. तिथे बहुतेक यंत्रांना घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो, ताळेबंदात पद्धत कोणतीही असो. म्हणून पद्धत बदलून कर वाचत नाही.

ताळेबंद हाती आला की आधी घसाऱ्यापूर्वीची कमाई पाहावी आणि मग हिशेब धोरणांच्या टिपेत घसाऱ्याची पद्धत शोधावी. कमाई जागच्या जागी असताना नफा वाढत असेल, तर ती वाढ धंद्याची नाही, घसाऱ्याची आहे.