नाकारलेल्या दुरुस्त्यांचा तक्ता

निवृत्तीनंतर आत्मकथन लिहून ते स्वखर्चाने छापणारे लेखक मराठीत पुष्कळ आहेत. असं हस्तलिखित संपादनासाठी आलं की बहुतेक वेळा पुढचा प्रकार ठरलेला असतो. संपादक वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ चालू करून दुरुस्त्या करतो आणि फाइल पाठवतो. लेखक ती उघडतो, तर पानापानावर लाल रंग. चार दिवसांनी फाइल परत येते, तेव्हा जवळजवळ सगळ्या दुरुस्त्या नाकारलेल्या असतात आणि सोबत निरोप असतो, ‘माझी भाषा बदलू नका.’ पैसे लेखक देणार, पुस्तकावर नावही त्याचंच, म्हणून संपादकाला हुकूम सोडता येत नाही. आणि गप्प बसलं तर चुका तशाच छापून येतात.

या लाल पानावर एक मोठी अडचण असते. स्वल्पविराम हलवला तरी लाल आणि अख्खा परिच्छेद उडवला तरी लाल. लेखकाला दोन्हींतला फरक दिसत नाही, त्यामुळे तो सरसकट नाही म्हणतो. म्हणून पहिलं काम म्हणजे नाकारलेल्या दुरुस्त्या पुन्हा वाचून त्यांची वर्गवारी करणं. लेखनाच्या नियमांच्या दुरुस्त्या एकीकडे, अर्थाला धक्का लावणाऱ्या दुसरीकडे आणि निव्वळ संपादकाच्या आवडीच्या तिसरीकडे.

नियमांच्या दुरुस्त्या एकेक करून दाखवू नयेत. त्यांची अर्ध्या पानाची यादी करावी. समजा, लेखकाचा जन्म १९५५चा आहे आणि तो ‘कवि’, ‘मति’ असं ऱ्हस्व लिहितो. त्याला ‘चूक’ म्हटलं तर तो दुखावणारच, कारण त्याला शिकवणारे गुरुजी जुन्या पद्धतीत वाढलेले होते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि तेव्हापासून असे शब्द सुटे असताना दीर्घ लिहिले जाऊ लागले. यादीत एवढंच लिहावं : ‘आपण लिहिलेलं रूप जुन्या पद्धतीचं आहे. आज छापताना कवी, मती असं लिहितात. सगळीकडे एकसारखं करू का?’ लेखकानं एकदा होकार दिला की तो पुस्तकभर लागू होतो. जुनंच रूप हवं असेल तर तेही चालेल, फक्त ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच असावं.

अर्थाच्या दुरुस्त्यांसाठी मात्र तक्ता करावा. पान क्रमांक, मूळ वाक्य, सुचवलेलं वाक्य, कारण आणि शेवटी लेखकाचा निर्णय, असे पाच रकाने. एका वेळी दहा-बारा नोंदी पुरेत, त्याहून जास्त दिल्या की पुन्हा लाल पानासारखंच वाटतं. मूळ वाक्य पूर्ण आणि जसंच्या तसं उतरवावं. लेखक आधी तेच वाचतो, आणि स्वतःचं वाक्य बाजूला काढून वाचलं की पुष्कळदा खोट त्यालाच दिसते.

एक नोंद पाहू. मूळ : ‘साहेबांनी वडिलांना बोलावून घेतले आणि त्यांनी त्यांची बाजू मांडल्यावर ते एकदम शांत झाले.’ सुचवलेलं : ‘साहेबांनी वडिलांना बोलावून घेतले. वडिलांनी आपली बाजू मांडली, तसे साहेब शांत झाले.’ कारण : ‘शांत कोण झाले, साहेब की वडील, हे वाचकाला कळत नाही.’

कारणाच्या रकान्यात ‘वाक्य क्लिष्ट आहे’ किंवा ‘असं बरं वाटतं’ लिहिलं असतं, तर तो एक शेरा झाला असता, आणि शेऱ्याला उत्तर म्हणून वाद येतो. ‘शांत कोण झाले?’ हे मात्र लेखकाला पडताळून पाहता येतं. तक्ता भरताना कारण एका ओळीत सांगता आलं नाही, किंवा त्यात ‘मला वाटतं’ यापलीकडे काही उरलं नाही, तर ती दुरुस्ती तिसऱ्या गटातली, आवडीची, असं समजावं.

आवडीच्या दुरुस्त्या आपणहून मागे घ्याव्यात. लेखकानं लिहिलं होतं : ‘मामा आला की घरात दिवाळी. मग काय विचारता!’ संपादकानं केलं : ‘मामा आल्यावर घरात आनंदाचे वातावरण असे.’ व्याकरण दोन्हींचं ठीक आहे, पण दुसऱ्या वाक्यात सांगणारा माणूसच उरला नाही. हेही तक्त्यात घ्यावं आणि निर्णयाच्या रकान्यात संपादकानं स्वतःच लिहावं, ‘मूळच चांगलं, माझा बदल काढला.’ अशा दोन-तीन नोंदी तक्त्याच्या सुरुवातीलाच असल्या, की आपला आवाज राखला जातोय हे लेखकाला दिसतं आणि पुढच्या नोंदी तो मोकळ्या मनानं वाचतो.

निर्णयाच्या रकान्यात ‘चालेल’ आणि ‘मूळच ठेवा’ यांच्यासोबत तिसरा पर्यायही असावा : ‘मी वेगळं लिहितो’. हा पर्याय नसेल तर लेखकापुढे हार मानणं किंवा अडून बसणं एवढंच उरतं. साहेब आणि वडिलांच्या वाक्यावर लेखक कदाचित लिहील : ‘वडिलांनी बाजू मांडली अन् साहेबांचा पारा उतरला.’ संदिग्धता गेली, आणि वाक्य संपादकानं सुचवलेल्यापेक्षा जिवंत झालं. अडचण कुठे आहे ते नेमकं कळलं, की ती सोडवण्यात लेखकच अनेकदा सरस ठरतो.

काही जागी दुरुस्ती सुचवूच नये, फक्त विचारावं. तिसऱ्या पानावर जन्म १९५५चा आणि बाराव्या पानावर ‘१९७४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी बँकेत लागलो’ असेल, तर हिशोब एकोणीसचा येतो. चूक सालात आहे की वयात, हे संपादकाला माहीत नाही. ‘सर, दोन्ही पानांचा मेळ बसत नाही, नेमकं काय असावं?’ असं विचारलं की लेखक जुनी कागदपत्रं काढून बसतो. त्यानं शोधून दिलेलं उत्तर तो स्वतः कशाला नाकारेल?

तक्ता पाठवून लगेच उत्तर मागू नये. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मग फोनवर फक्त अडलेल्या नोंदी घ्याव्यात. बोलणं वाक्यावर ठेवावं : ‘इथं वाचक अडखळेल असं वाटलं, तुम्हाला काय म्हणायचं होतं?’ लेखक जे तोंडी सांगतो, तेच पुष्कळदा हवं असलेलं वाक्य असतं. ते तिथल्या तिथे टिपून घ्यावं. एकाच नोंदीला दुसऱ्यांदा नकार आला तर ती सोडून द्यावी.

एक अपवाद मात्र आहे. जुन्या वरिष्ठाचं नाव घेऊन ‘तो लाच खात असे’ असं लिहिलं असेल, तर तो शैलीचा प्रश्न राहत नाही. बदनामीची तक्रार झाली तर आरोप खरा होता हे सिद्ध करण्याची वेळ लेखकावर येते, आणि प्रकाशकही त्यात ओढला जाऊ शकतो. इथे तीन आवृत्त्या समोर ठेवाव्यात : नाव आणि ओळखीच्या खुणा काढलेली, आरोप गाळून लेखकानं स्वतः पाहिलेली घटना तेवढी सांगणारी आणि मूळ. मूळच्या कारणात स्पष्ट लिहावं, ‘कागदोपत्री पुरावा आणि वकिलाचा सल्ला असेल तरच.’ तरीही लेखक मूळवर ठाम राहिला, तर आपला आक्षेप ईमेलनं कळवावा आणि पुस्तकात संपादक म्हणून आपलं नाव घालू नये, असं शांतपणे सांगावं. छपाईला जाणाऱ्या फाइलीवर लेखकाची शेवटची लेखी संमती घ्यावी आणि तिला निर्णयांसह पूर्ण झालेला तक्ता जोडावा. छापून झाल्यावर एखादं वाक्य कुणाला खटकलं, तर ते कोणी आणि का तसं ठेवलं, हे त्यात सापडतं.